दिसण्याचं कमिशन

आमच्या वन्सं चष्म्याच्या दुकानात कामाला आहेत. वन्सं म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. लग्न केलं नाही, आमच्याच घरात वरच्या खोलीत राहतात. दिसायला कशा आहेत हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचं सगळं त्याच्यावरच बेतलेलं आहे. शिवाय त्यांनीच मला बजावलंय, "लिहिणार असशील तर गुळमुळीत लिहू नकोस, वहिनी. 'चेहरा सात्त्विक' वगैरे तर अजिबात नको."

तर आमच्या वन्सं कुरूप आहेत. वरचे दात पुढे आलेले, हनुवटी अशी जवळजवळ नाहीच, आणि लहानपणच्या आजाराचे व्रण दोन्ही गालांवर. देवाने घडवताना जरा घाई केली असावी असं त्या स्वतःच म्हणतात. मला ते ऐकवत नाही. देव घाई करत नाही, अशी माझी समजूत आहे. पण त्यांच्या तोंडावर तसं म्हणायची माझी हिंमत होत नाही.

काम मात्र असं करतात की बघत राहावं. चष्मा विकणं म्हणजे फ्रेम दाखवायची आणि पैसे घ्यायचे, असं मला वाटायचं. तसं नाही ते. माणसाच्या दोन बुबुळांमधलं अंतर मोजायचं, नाकाचा उतार बघायचा, एक कान वर आणि एक खाली असतो तो ओळखून दांडी वाकवायची. आणि ज्यांना लांबचं आणि जवळचं दोन्ही लागतं, त्यांची ती एकच काच असते ना, वरून लांबचं दिसतं, खालून वाचता येतं, मधे रेघ नाही, तिचं काम तर फारच नाजूक. माणसाला समोर बसवायचं, नवी फ्रेम घालायला लावायची, "माझ्या डोळ्यांत बघा" म्हणायचं आणि बुबुळ जिथे येईल तिथे फ्रेममधल्या नकली काचेवर पेनाने ठिपका द्यायचा. तो ठिपका बघून मागचा कारागीर खरी काच कापतो. ठिपका जरासा चुकला की हजारोंची काच वाया.

आमच्या वन्संचा ठिपका चुकत नाही. कारागीर म्हणतो, "ताईंचा ठिपका आला की मी डोळे मिटून कापतो." वन्सं म्हणतात, "डोळे उघडे ठेवूनच काप, बाबा."

दुकानात काउंटर दोन. पगार दोन्हीकडे सारखाच आणि तुटपुंजा. खरी कमाई कमिशनची. जितके चष्मे विकाल तितकं कमिशन, आणि फ्रेम महाग तर कमिशन जास्त. गिऱ्हाईक दारातून आत येणार, दोन्ही काउंटर बघणार आणि वाटेल तिकडे जाणार. मालक म्हणायचे, "माझ्याकडे वशिला नाही. जो विकेल तो खाईल. ह्याच्याहून सरळ हिशोब जगात नाही." मालक वाईट माणूस नाही. वन्संच्या आजारपणात त्यांनी सगळा पगार दिला होता. हे सांगायला हवं, नाहीतर वाचणारा त्यांना खलनायक करून मोकळा होईल.

दुसऱ्या काउंटरवर आधी एक मुलगी होती. नाकीडोळी नीटस, हसली की गालाला खळी. ती वन्संपेक्षा कितीतरी जास्त कमवायची. ती नोकरी सोडून गेली आणि तिच्या जागी एक तरुण आला. उंच, भरदार खांदे, दात असे की मालकांनी त्याला जाहिरातीतच घालावं. वन्संनी पहिल्याच दिवशी घरी येऊन त्याचं नाव ठेवलं राजबिंडा. आमच्या घरात तो त्याच नावाने ओळखला जातो.

काम त्याला वन्संनीच शिकवलं. शिकला पण पटकन, आणि गुणी निघाला. "ताई, चहा सांगू का? ताई, तुम्ही बसा, मी काढतो ते खोकं." वन्संना त्याचा राग करायलाही जागा मिळेना.

दोन महिन्यांत त्याचं कमिशन वन्संच्या दुप्पट झालं.

"जास्त कष्ट करत असेल," माझा नवरा म्हणाला.

"करतोच," वन्सं म्हणाल्या. "त्याच्यापुढे रांग असते, म्हणजे कष्ट आलेच. मी बसून असते, म्हणजे मी आळशी. उलटं बघ ना जरा, दादा. रांग कष्टामुळे लागली की रांगेमुळे कष्ट दिसतात?"

दादा म्हणजे माझा नवरा. धाकटा असून त्या त्याला दादा म्हणतात, तो लहानपणी फार दादागिरी करायचा म्हणून.

मग त्या मला एकेक सांगायच्या. राग नाही, नुसती नोंद घेतल्यासारखं. गिऱ्हाईक राजबिंड्याला काही अडचणीचं विचारतं. तो म्हणतो, "मला नक्की माहीत नाही, विचारून सांगतो." गिऱ्हाईक खूश, किती प्रामाणिक मुलगा. तो येऊन वन्संना हळूच विचारतो आणि उत्तर तसंच्या तसं तिकडे नेऊन देतो. तेच कधी वन्संनी "नक्की माहीत नाही" म्हटलं, तर गिऱ्हाईक कपाळाला आठी घालून म्हणतं, "मग इथे बसवलंय कशाला?"

"आणि बोलणं बघ त्याचं," त्या म्हणाल्या. "शाळेपासून प्रत्येकाने त्याचं ऐकून घेतलंय. त्यामुळे आपलं ऐकलं जाणार ही त्याला खात्रीच असते. आवाज कसा मोकळा लागतो. मी वाक्य सुरू करते तेव्हाच मला घाई असते, समोरचा मान फिरवायच्या आत संपवायची. मग लोकांना वाटतं बाईला येत नाही, म्हणून चाचरते. आता ह्यात त्याचं काय चुकलं? आणि माझं तरी काय?"

"लोकांना कळत नाही," मी म्हटलं.

"लोकांना सगळं कळतं. तो 'हे तुम्हाला शोभतंय' म्हणाला की तीच फ्रेम महाग असून घेतात. दिसायला चांगल्या माणसाने दिलेला शेरा आहे ना तो. मी म्हटलं की 'शोभतंय', तर लोक माझ्याकडे बघतात आणि म्हणतात, जरा दुसरी दाखवा. मला तरी शोभण्यातलं काय कळणार?" आणि त्या हसल्या. मी नाही हसले.

गंमत पुढेच आहे, जर तिला गंमत म्हणायचं असेल तर. राजबिंड्याने विकलेले, वरून लांबचं आणि खालून जवळचं दाखवणारे ते चष्मे परत यायला लागले. सगळे नाहीत, पण बरेच. तक्रार एकच: वाचताना मान वर करावी लागते, मान दुखते. मालक कारागिरावर ओरडले. कारागीर शपथेवर सांगू लागला की ठिपका होता तिथेच कापलंय. शेवटी मालकांनी वन्संना सांगितलं, "तुमचा हात बसलेला आहे. परत आलेले चष्मे तुम्ही बघत जा."

आता परत आलेल्या चष्म्याला कमिशन नाही. ते पहिल्या विक्रीच्या वेळीच राजबिंड्याला मिळालेलं. नव्या काचेचा खर्च कारखान्याच्या खात्यात, कारखाना म्हणजे कारागिराची मागची खोली. म्हणजे चूक काउंटरची, खर्च मागच्या खोलीचा आणि निस्तरणं वन्संचं. आणि ह्या निस्तरण्यात त्यांचा निम्मा दिवस जायचा, त्या वेळात आलेलं नवं गिऱ्हाईक साहजिकच पलीकडे.

वन्संनी ती माणसं समोर बसवली, नव्याने ठिपके दिले. प्रत्येक वेळी त्यांचा ठिपका राजबिंड्याच्या ठिपक्याच्या वर येत होता. त्यांनी त्याला बाजूला घेऊन पुन्हा शिकवलं. त्याने मन लावून ऐकलं. त्याची पद्धत अगदी बरोबर होती. तरी चष्मे परत येतच राहिले.

मग एक दिवस वन्सं त्याच्याकडे बघत नुसत्या उभ्या राहिल्या. एक पोक्त बाई त्याच्यासमोर बसली होती. तो म्हणाला, "माझ्या डोळ्यांत बघा." बाईंनी पाठ ताठ केली, मान लांब केली, हनुवटी वर उचलली, गळ्याखालची सुरकुती दिसू नये म्हणून. त्यांच्यानंतर एक टक्कल पडलेले गृहस्थ. त्यांनीही छाती काढली, हनुवटी वर. हनुवटी वर गेली की नजर खाली येते, बुबुळ फ्रेममध्ये खाली उतरतं, ठिपका खाली पडतो. घरी जाऊन माणूस नेहमीसारखा पोक काढून बसला की वाचायची जागा राहते पार खाली. मग मान वर करा.

त्या संध्याकाळी वन्सं मला सांगत होत्या आणि हसून हसून त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. "अगं, देखण्या माणसापुढे कोणी घरच्यासारखं बसतच नाही. सगळे फोटोला बसल्यासारखे बसतात. आणि माझ्यापुढे येतात तेव्हा कसे सैल, पोट सोडून. मला कशाला दाखवायचंय? म्हणून माझा ठिपका बरोबर. माझं सगळं कौशल्य म्हणे हातात आहे. ते माझ्या थोबाडात आहे."

"असं नका ना म्हणू," मी म्हटलं.

"का नको? एवढ्या वर्षांत ह्या चेहऱ्याचा पहिला फायदा सापडला. तोही मालकाच्या खात्यात."

ह्याच सुमारास मालकांनी दुसरं दुकान घ्यायचं ठरवलं. मोठ्या बाजारात, काचेच्या दाराचं. त्या दुकानाला प्रमुख लागणार होता. प्रमुखाला कमिशन नाही, ठरलेला भरभक्कम पगार. गिऱ्हाईक कुठल्या काउंटरला जातं ह्याच्याशी संबंध नाही. वन्संना ती जागा हवी होती. आयुष्यात त्यांनी काही मागितलेलं मी पाहिलेलं नाही, पण ही जागा त्यांनी तोंडाने मागितली.

मालक म्हणाले, "ताई, तुमचा अनुभव मोठा. पण आकडे बघा ना. तो तुमच्या दुप्पट विकतो."

"त्याच्याकडे माणसंही दुप्पट जातात. त्यातले किती परत येतात ते धरा."

"परत आलेलं कारखान्याचं खातं."

"मग मला एक संधी द्या," वन्सं म्हणाल्या. "माणसं सारखी वाटा. मग बघू कोण किती विकतं."

मालकांनी मान्य केलं, हे विशेष. दारात टोकनचं यंत्र बसवलं. आलेल्याने नंबर घ्यायचा, जो काउंटर मोकळा होईल त्याने पुढचा नंबर पुकारायचा. निवड नाही. सुट्ट्यांचा पूर्ण हंगाम असं चाललं.

त्या हंगामात वन्सं वेगळ्याच दिसायच्या. सकाळी लवकर उठून निघायच्या. विक्री वाढली, भराभर वाढली. राजबिंड्याशी बरोबरी झाली का? नाही. पुष्कळसं अंतर मिटलं, थोडं राहिलं. महाग फ्रेमा अजूनही तिकडेच जास्त जात होत्या. पण परत आलेल्या काचांचा खर्च वजा केला असता तर वन्संचं पारडं जड होतं. त्या मला म्हणाल्या, "मी देवाला मागत होते की मी कमी आहे की नाही एवढं एकदा कळू दे. कळलं. कामात कमी नाही."

आणि मग माणसं नंबर सोडायला लागली.

वन्सं पुकारायच्या, "पुढचा नंबर." समोरचा माणूस हातातल्या चिठ्ठीकडे बघायचा, वन्संकडे बघायचा, शेजारच्याला म्हणायचा, "तुम्ही जा पुढे, मला घाई नाही." अगदी नम्रपणे. एकदा एका बाईंनी आपला नंबर तिघांना देऊ केला आणि तिघांनीही तितक्याच अदबीने नको म्हटलं. वन्सं काउंटरवर उभ्या, हातात मोजपट्टी, आणि समोर कोणी बसायला तयार नाही. काही जण थांबून कंटाळून निघूनही गेले. दुकानाचा एकूण गल्ला थोडा खाली आला.

मालकांनी यंत्र काढलं. वन्संना म्हणाले, "मी काय करू, सांगा. मी केलं ना सारखं? गिऱ्हाईकच देतंय नंबर दुसऱ्याला. मी काय त्यांच्या डोळ्यांवर पट्टी बांधू?"

वन्सं म्हणाल्या, "गिऱ्हाईक जर म्हणालं की मला अमक्या धर्माच्या माणसाच्या हातून चष्मा नको, तर तुम्ही त्याचं ऐकाल?"

"ते वेगळं. ते बेकायदेशीर आहे."

"बेकायदेशीर नसतं तर ऐकलं असतंत का?"

मालक गप्प बसले. मग म्हणाले, "ताई, नव्या दुकानाचं कर्ज माझ्या डोक्यावर आहे."

प्रमुखाची जागा राजबिंड्याला मिळाली. तो स्वतः घरी आला सांगायला. आमच्या बाहेरच्या खोलीत खुर्चीच्या कडेवर बसला, मान खाली घालून. "ताई, मी मागितलं नव्हतं."

"माहितेय रे," वन्सं म्हणाल्या. "तुला कधी मागावं लागलेलंच नाही."

तो गेल्यावर माझा नवरा म्हणाला, "आता कामगार खात्यात जायचंच." त्या नको म्हणत होत्या. मी म्हटलं, मी येते बरोबर.

कामगार खात्याची कचेरी दुसऱ्या मजल्यावर. बाकडं, पंख्याचा आवाज, भिंतीवर सूचना. अधिकारी बाई होत्या, आमच्याच वयाच्या, ऐकून घेणाऱ्या. वन्संनी सगळं सांगितलं, ठिपक्यासकट. बाईंनी मधे एकदाही घड्याळाकडे बघितलं नाही.

मग त्या म्हणाल्या, "तुम्ही म्हणता ते खरं आहे. ह्याच्यावर अभ्यास झालेत. दिसायला चांगल्या माणसाला कमाई जास्त मिळते, आणि दिसायला चांगल्या नसलेल्याची तर त्याहून जास्त कापली जाते. फक्त काउंटरवर नाही, जिथे कोणी तोंड बघत नाही अशाही कामांत. पण आमच्या कायद्यात भेदभाव कशावरून केलेला धरायचा, ते ठरलेलं आहे. बाई म्हणून, धर्मावरून, वयावरून, अपंगत्वावरून. दिसण्यावरून, असं त्यात नाही."

"मग ते चालतं?"

"चालतं असं नाही. त्याला नाव नाही." बाई थोड्या घुटमळल्या. "गालावरचे हे व्रण... त्यांचा काही त्रास? औषध वगैरे? दुखणं म्हणून दाखवता आलं तर..."

"काही त्रास नाही," वन्सं म्हणाल्या. "त्रास बघणाऱ्याला होतो."

बाईंना हसावं की नाही कळेना. "काही देशांत कायद्यात दिसणंही घातलंय," त्या म्हणाल्या. "पण तिथेही तक्रारी फारशा येत नाहीत म्हणे."

"कोण येणार? आधी स्वतःच्या सहीने लिहून द्यायचं की मी कुरूप आहे. मग चार साक्षीदार आणायचे, होय हो, ही कुरूपच आहे म्हणणारे. ही वहिनी माझी. हिला विचारा, म्हणेल का?"

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी पदराचं टोक मुठीत धरून बसले होते. होय म्हटलं तर त्यांना लागणार, नाही म्हटलं तर खोटं.

बाईंनी आवाज उतरवला. "एक रस्ता आहे. तुम्ही बाई, तो पुरुष. तुमचा अनुभव जास्त आणि जागा त्याला. बाई म्हणून डावललं असं लिहा. ती तक्रार मी आत्ता नोंदवून घेते, आणि ती टिकेल."

मला वाटलं, देवानेच दार उघडलं. मी वन्संच्या दंडाला हात लावला.

वन्संनी माझा हात बाजूला केला. मग म्हणाल्या, "त्याच्या आधी तिथे एक मुलगी होती. तीही माझ्या दुप्पट कमवायची. मला बाई म्हणून डावललेलं नाही. मालकाने मला कधी बाई म्हणून कमी लेखलं नाही. आजारी होते तर घरी पगार पाठवला. त्याच्यावर मी खोटा आळ घेऊ?"

"ताई, न्याय मिळण्याशी कारण."

"न्याय मिळेल, पण तो दुसऱ्याच कुणाच्या गाऱ्हाण्याला. माझं तसंच राहील."

आम्ही जिना उतरलो. घरी आल्यावर माझा नवरा कपाळाला हात लावून म्हणाला, "लिहून टाकायचं होतंस ना! सरळ माणसाचं जग आहे का हे?" वन्सं वर निघून गेल्या. मला त्यांचं मोठेपण वाटलं आणि रागही आला, दोन्ही एकदमच. रोज संध्याकाळी आम्ही दोघी देवापुढे बसतो, त्या दिवशीही बसलो. मी मनात म्हटलं, देवा, तू आतलं बघतोस असं मी लहानपणापासून ऐकत आले. मग बाहेरचं बघणाऱ्यांच्या हाती सगळा पैसा कशाला दिलास?

ही गोष्ट इथे संपली असती तर बरं झालं असतं. निदान आमच्या वन्संची मान ताठ राहिली असती.

मालकांना कचेरीतलं कुठूनतरी कळलं. वन्संनी खोटी तक्रार केली नाही, हेही कळलं. त्यांना ते लागलं असावं. त्यांनी वन्संना बोलावून सांगितलं की जुनं दुकान आता तुम्ही सांभाळायचं. पगार राजबिंड्याइतका नाही, पण वेगळी सोय: दोन्ही काउंटर मिळून दुकानाचा जो गल्ला होईल त्यात वन्संचा ठरावीक वाटा. आणि राजबिंड्याच्या जागी नवं माणूस घ्यायचं ते वन्संनीच निवडायचं. "तुम्हीच निवडा," मालक म्हणाले. "मी मधे पडत नाही. मला चेहरे बघणारा म्हणता ना, मग तुम्ही हात बघून घ्या."

त्या दिवशी मी माझा चष्मा दुरुस्त करायला गेले होते, म्हणून हे माझ्या डोळ्यांदेखत घडलं.

दोन मुली आल्या होत्या. एक होती सुरेख. आत आली आणि दुकानातल्या सगळ्या आरशांत एकदम दिसली. बोलायला गोड, पण मोजपट्टी उलटी धरली आणि स्वतःवरच हसली. दुसरीने ह्या कामाचं शिक्षण घेतलेलं होतं. जाडसर, चपटं नाक, तोंडावर पुटकुळ्या, खांदे आत ओढून उभी. वन्संनी मला तिच्यासमोर बसवलं आणि तिला ठिपका द्यायला सांगितलं. तिने माझी फ्रेम नाकावर नीट बसवली, कानामागे बोटाने चाचपलं, आणि म्हणाली, "काकू, एकदा श्वास सोडा, मग बघा माझ्याकडे." मी श्वास सोडला. ठिपका पडला. वन्संनी पट्टी लावून पाहिलं, पुन्हा एकदा लावली. तो बरोबर होता हे मला त्यावरूनच कळलं.

दोघींना बाहेरच्या बाकावर बसायला सांगून वन्सं मागच्या खोलीत गेल्या. मीही गेले. कारागीर यंत्र बंद करून म्हणाला, "ताई, ती दुसरी घ्या. माझा जीव सुटेल." वन्संनी पाण्याचा पेला भरला, प्यायल्या नाहीत.

"हिला घेतलं," त्या मला म्हणाल्या, "तर इथे दोन काउंटरवर दोन असल्या. माणूस दारातून बघेल आणि समोरच्या दुकानात जाईल. माझा वाटा गल्ल्यावर आहे, वहिनी."

"ठिपका तिचा बरोबर आला ना?"

"आला."

"मग?"

"त्या सुरेख पोरीचे चष्मे परत येतील, ते मी बघेन. मला सवय आहे." त्या पेल्याच्या कडेवरून बोट फिरवत होत्या. "मालकाला मी विचारलं होतं, बेकायदेशीर नसतं तर ऐकलं असतंत का. तेव्हा तो गप्प बसला. मला वाटलं, लाजला. आता कळतं, तो हिशोब करत होता."

मी म्हणू शकले असते, नका करू असं. पण वरच्या खोलीचं छप्पर गळतंय आणि आमच्या घरात दोन मुलांचं शिक्षण चालू आहे, हे मलाही माहीत होतं. देवाचं नाव घेणारी माणसंसुद्धा कुठे गप्प बसतात ते त्या दिवशी मला कळलं.

त्या बाहेर गेल्या. सुरेख मुलीला म्हणाल्या, "पुढच्या आठवड्यापासून ये." तिने वाकून नमस्कार केला आणि नाचत गेली.

दुसरी उठून उभी राहिली. "मॅडम, माझं काय चुकलं?"

"काही नाही."

"काय सुधारू ते तरी सांगा. सगळीकडे जाते, सगळे म्हणतात, कळवतो. काही चुकत असेल तर मी शिकेन. मला लवकर येतं."

मी वन्संकडे बघत होते. त्या खरं सांगतील असं मला क्षणभर वाटलं. कचेरीत त्यांनी खरंच सांगितलं होतं, स्वतःचं नुकसान करून. त्यांनी त्या मुलीच्या तोंडाकडे पाहिलं, मग मोजपट्टीकडे.

"अनुभव कमी पडला," वन्सं म्हणाल्या.

"पण तिलाही अनुभव नव्हता," मुलगी म्हणाली. भांडणाच्या सुरात नाही, नुसती आठवण करून दिल्यासारखी.

"तिचं बोलणं मोकळं आहे," वन्सं म्हणाल्या. "काउंटरला ते लागतं. तू चाचरतेस."

मुलीने मान हलवली, पटल्यासारखी. पिशवी खांद्याला लावली आणि म्हणाली, "बोलायचा सराव करीन मग. थँक्यू, मॅडम." दुकानाचं दार तिला ढकलावं लागलं, ते जरा जड आहे.

वन्संनी काउंटरवरचा आरसा पुसायला घेतला. दारातून एक गृहस्थ आत आले, दोन्ही काउंटरांकडे बघितलं, एक रिकामा होता. ते थोडे थांबले, मग विचारलं, "आज इथे दुसरं कोणी नाही का?"

"पुढच्या आठवड्यात या," वन्सं म्हणाल्या. "नवी मुलगी येणार आहे."